कॅसेटमधला पाऊस

१९९० सालच्या वैशाखात माझा साखरपुडा झाला आणि लग्नाची तारीख निघाली तुळशीच्या लग्नानंतरची. मधला सगळा पावसाळा मी अमळनेरला आणि हे नंदुरबारला. फोन आमच्याकडेही नव्हता आणि त्यांच्याकडेही. पत्रं यायची, पण आमच्या घरी पत्र आधी अप्पांच्या हातात पडायचं, मग माझ्या. त्यामुळे पत्रात काय लिहायचं याला मर्यादा होत्या. शेवटी मी ठरवलं की एक कॅसेट भरून घ्यायची, सगळी पावसाची गाणी घालायची आणि धाकट्या भावाच्या हाती सुरत पॅसेंजरने नंदुरबारला पाठवायची. गाणं कुणी उघडून वाचू शकत नाही.

साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. गाणं साधारण चार-पाच मिनिटांचं धरलं तर एका बाजूला सहा गाणी, फार तर सात. ते गणित मी वहीच्या पाठच्या पानावर आठ दिवस मांडत होते. तीस मिनिटांच्या पुढे गेलं तर शेवटचं गाणं कडव्याच्या मध्येच तुटतं आणि कमी पडलं तर नुसतीच फीत सरकत राहते. शिवाय गाणी निवडायची तरी कशी? माझी एकच अट होती, ज्यात पाऊस आहे तेच गाणं. ही अट दिसते तेवढी सोपी नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

यादीत पहिलं गाणं लिहिलं ते ‘प्यार हुआ इकरार हुआ’. १९५५ चा ‘श्री ४२०’, शैलेंद्रचे शब्द, शंकर-जयकिशनचं संगीत, मन्ना डे आणि लता. एका छत्रीखाली राज कपूर आणि नर्गिस, आणि रेनकोट घातलेली ती तीन मुलं. पावसाचं गाणं म्हटलं की कुणाच्याही तोंडी आधी हेच येतं. माझी लहान बहीण शेजारी बसून शब्द म्हणत होती. म्हणता म्हणता थांबली आणि म्हणाली, “ताई, यात पाऊस कुठंय?” मी मुखडा म्हटला, अंतरे म्हटले. खरंच, अख्ख्या गाण्यात पावसाचा थेंब नाही. ढग नाही, श्रावण नाही, भिजणं नाही. प्रेमाची भीती आहे, वाट अवघड असल्याची काळजी आहे, आपण नसू तेव्हा मागे काय उरेल हा विचार आहे. पाऊस आहे तो फक्त पडद्यावर. आणि तरी आता रेडिओवर नुसते सूर आले तरी छत्री दिसते. एकदा पाहिलेलं चित्र पुढे कायम त्या सुरात भिनून राहतं. मी गाणं ठेवलं.

दुसरं होतं ‘जिंदगी भर नहीं भूलेगी’. १९६०, रोशनचं संगीत, साहिरचे शब्द, रफीचा आवाज. यात पाऊस शब्दाशब्दांत आहे, पण तो पडून गेलेला पाऊस आहे. सिनेमात नायक कवी आहे. एका पावसाळी रात्री एक अनोळखी मुलगी क्षणभर भेटते आणि मग तो रेडिओवर त्या रात्रीचं गाणं म्हणतो. ती मुलगी, मधुबाला, आपल्या घरी रेडिओ ऐकते आणि तिला उमगतं की हे आपल्याबद्दल आहे. म्हणजे गाताना पाऊस नाही आणि ऐकतानाही नाही. पाऊस आठवणीत आहे, आणि ती आठवण दोघांची सारखीच आहे एवढंच त्यांना कळतं.

हे गाणं मी पहिल्यांदा ऐकलं तेही रेडिओवर, आणि तेव्हा मात्र पाऊस येत होता. अप्पा ओसरीवर रेडिओ लावून बसायचे. गाण्यांसाठी नाही, हवामानासाठी. मृग लागला की घरात दुसरा विषय नसायचा. धूळपेरणी केलेली असायची, कपाशीचं बी कोरड्या काळीत पडलेलं असायचं, आणि एक चांगला पाऊस होऊन मध्येच पंधरा दिवसांची उघडीप पडली तर वर आलेलं सगळं करपून दुबार पेरणी. आमच्याकडे पावसाकडे आधी असं बघतात. तर त्या संध्याकाळी बातम्या संपल्या आणि हे गाणं लागलं. मध्यम लहरींवर वीज आधी ऐकू येते. आभाळात चमकलं की त्याच क्षणी रेडिओत कर्रर्र होतं आणि गडगडाट नंतर, सावकाश येतो. अप्पा त्या कर्रर्रपासून बोटांवर मोजायचे. तीन मोजेपर्यंत गडगडलं तर साधारण एक किलोमीटर, नऊ झाले तर तीन. रफी गात होता, मध्ये मध्ये रेडिओ खरखरत होता आणि अप्पांची मोजणी नवावरून सहावर, सहावरून चारवर येत होती. गाणं संपायच्या आत पत्र्यावर पहिले टपोरे थेंब वाजले. अप्पांनी रेडिओ बंद केला आणि ते अंगणात जाऊन उभे राहिले, भिजत. माझ्या पाहण्यात तेवढे ते कधी आनंदी नव्हते. साहिरचं प्रेम आणि अप्पांचं कपाशीचं बी माझ्या मनात त्या दिवसापासून एकाच जागी आहे, ते मला वेगळं करता येत नाही.

कोकणातल्या माणसाला पावसाचं गाणं म्हणजे बाहेर जे चाललंय त्याचं गाणं वाटत असेल. खान्देशात ते पुष्कळदा जे चाललेलं नाही त्याचं गाणं असतं. आमचा पाऊस मोजका. सातपुड्याकडे काळं भरतं, वारा सुटतो, वावटळीत पाचोळा उठतो आणि ढग तापीच्या पलीकडे निघून जातात. म्हणून आमच्या भागातल्या माणसांनी पावसाला जे शब्द दिले त्यांना वेगळी ओढ आहे. बहिणाबाईंच्या कवितेत पहिल्या पावसाने भुई शिंपडली की तिचा ‘परमय’ येतो. परिमळाचा असोद्याच्या तोंडी झालेला हा शब्द मला मूळ शब्दापेक्षा जास्त वासाचा वाटतो.

मराठीची बाजू भरताना ‘नभ उतरू आलं’ घेणार हे नक्कीच होतं. १९७७ चा ‘जैत रे जैत’, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, आशाबाईंचा आवाज, शब्द ना. धों. महानोरांचे. सिनेमा सह्याद्रीतल्या ठाकरांचा, जिथे पाऊस धो धो कोसळतो. पण शब्द लिहिणारा माणूस अजिंठ्याच्या डोंगराखाली पळसखेड्याला कोरडवाहू शेती करणारा. तिथून थोडं इकडे आलं की आमचा जळगाव जिल्हाच. आणि पडद्यावर जिच्या अंगावर ते आभाळ उतरतं ती स्मिता पाटील, तिच्या वडिलांचं गाव शिरपूर. मला हे गाणं आमचं वाटतं ते यामुळे. ‘नभ उतरू आलं’ या तीन शब्दांत पाऊस पडत नाही, आभाळच खाली येतं. ‘अंग झिम्माड झालं’ म्हणताना आशाबाई त्या ‘झिम्माड’वर जो भार देतात तो कान देऊन ऐका. अंग भिजलं एवढंच त्यात नाही. ज्याने वर्षभर कोरडी जमीन पाहिली आहे त्यालाच पावसासाठी असा शब्द सुचतो, असं माझं मत आहे.

बाकी ‘घन घन माला नभी दाटल्या’ घेतलं, मन्ना डे यांनी गायलेलं, गदिमांचं. ‘ये रे घना’ घेतलं. आणि हिंदीच्या बाजूला लताचं ‘ओ सजना बरखा बहार आई’, १९६० च्या ‘परख’मधलं, सलील चौधरींचं. त्यात ओळीओळीच्या मध्ये सतार अशी वाजते की वळचणीचं पाणी थेंबाथेंबाने खाली येतंय. मी तेव्हा शपथेवर सांगितलं असतं की ही चाल पावसाशिवाय सुचूच शकत नाही. पुष्कळ वर्षांनी मुलाने होस्टेलवरच्या एका बंगाली मित्राकडून हीच चाल बंगालीत आणली, तीही लताच्याच आवाजात. ‘ना जेयो ना, रजनी एखनो बाकी’. जाऊ नकोस, रात्र अजून बाकी आहे. मुखड्यात पावसाचं नाव नाही. जागणारा पक्षी आहे आणि उरलेली रात्र आहे. मी ती तीनदा ऐकली आणि तिन्ही वेळा सतारीत मला पाऊसच ऐकू आला. ज्याने बंगाली आधी ऐकलं असेल त्याला तिथे रात्र ऐकू येत असेल. चालीत मुळात काय आहे मग? मला वाटतं, कुणीतरी निघून जाईल या भीतीने हळू केलेला आवाज. तेवढा तो दोन्हींत आहे. पाऊस आणि रात्र ही त्याची दोन कारणं झाली.

आणि आता ज्या गाण्यासाठी मी ही सगळी कॅसेट भरत होते ते. ‘रिमझिम गिरे सावन’. १९७९ चा ‘मंझिल’, राहुल देव बर्मनचं संगीत, योगेशचे शब्द. मला हवं होतं लताचं. बासू चटर्जींनी ते मुंबईच्या खऱ्या पावसात घेतलं आहे. मरीन ड्राइव्ह, ओव्हल मैदान, आणि त्यात कोट-टाय घातलेला अमिताभ आणि साडीतली मौशुमी नुसते चालत, पळत सुटलेले. ओठ कुणी हलवत नाही. स्टुडिओतला पाऊस लगेच ओळखू येतो. पाऊस कॅमेऱ्याला दिसावा म्हणून त्याच्या पाठीमागून दिवा लावावा लागतो, मग प्रत्येक धार चांदीच्या तारेसारखी चमकते. ‘मंझिल’मध्ये तशा चमकत्या धारा नाहीत. सगळं करडं आहे, लांबच्या इमारती पुसल्यासारख्या दिसतात आणि डबक्यांत आभाळ आहे. पाऊस तिथे आधीपासून पडत होता, ही दोघं नंतर त्यात शिरली असं वाटतं. मला नंदुरबारला हेच पाठवायचं होतं, तुमच्याबरोबर असं चालायचंय, हे.

यादीवर मी लिहिलं, ‘रिमझिम गिरे सावन – मंझिल’. गायकाचं नाव लिहिलं नाही. दुकानदाराने किशोरचं भरलं.

कॅसेट हातात आल्यावर घरी लावून पाहिली तेव्हा कळलं. उद्या सकाळी भाऊ निघणार होता. मला रडू आलं. कारण किशोरच्या गाण्यात पाऊस नाही. एक घरगुती मैफल आहे, माणसं दाटीने बसली आहेत, अमिताभ पेटी घेऊन गातो आहे आणि मौशुमी ऐकते आहे. चाल तीच, मुखडा तोच, अंतरे मात्र वेगळे. लताचा पहिला अंतरा म्हणतो की ढग आधीही बरसले होते, पदर आधीही भिजला होता, मग या वेळीच असं का व्हावं. ती आत्ता भिजते आहे आणि आधीच्या सगळ्या पावसांशी हा पाऊस ताडून पाहते आहे. किशोरचा अंतरा थेंबांना घुंगरांची उपमा देतो. थेंब दिसत नाहीत, फक्त वाजतात, म्हणजे माणूस घरात आहे. आणि पुढच्या अंतऱ्यात तो म्हणतो, ‘महफिल में कैसे कह दें किसी से’. एवढ्या माणसांत कुणाला कसं सांगू, की एका अनोळखी व्यक्तीशी मन बांधलं जातंय.

हे सगळं मला त्या रात्री सुचलं नव्हतं. मला फक्त चुकीचं गाणं आलं एवढंच कळत होतं. भाऊ कॅसेट घेऊन गेला.

बारा दिवसांनी ह्यांचं अंतर्देशीय आलं, अप्पांच्या हातून. घरच्या सगळ्यांना नमस्कार, पेरणी कशी आहे, इकडे पाऊस बरा आहे. खाली एक ओळ होती, “कॅसेट मिळाली. ‘मंझिल’चं गाणं पुन्हा पुन्हा ऐकतो. मैफलीतला तो अंतरा पत्रासारखा आहे.” अप्पांनी ते वाचलं असणार आणि त्यांना त्यात काहीच सापडलं नसणार. मला मात्र सगळं कळलं. भरल्या घरात, सगळ्यांसमोर, सांगता येत नाही ते सांगणारं गाणं गेलं होतं, आणि आमची तेव्हाची अवस्था तीच होती. लताचं गाणं आमच्या पुढच्या दिवसांचं होतं. किशोरचं त्याच आठवड्याचं होतं. आज मला दोन्हींतलं एक निवडायला सांगितलं तर मी किशोरचं निवडेन, आणि कुणी लताचं निवडलं तर त्याच्याशी वाद घालणार नाही.

श्रावणात उत्तरादाखल त्यांची कॅसेट आली. वर काही लिहिलं नव्हतं. बाजाराची भरलेली नव्हती, घरच्या टेपरेकॉर्डरवर, त्याच्या आतल्या माइकवर केलेली होती. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं, पण गुजरात हाकेच्या अंतरावर, गावात गुजराती घरं पुष्कळ. ह्यांच्या शेजारी एक बेन राहायच्या. त्यांना ह्यांनी ओसरीवर बसवून गायला लावलं होतं. पेटी नाही, तबला नाही. ‘मन मोर बनी थनगाट करे’. झवेरचंद मेघाणींचं हे गीत गुजरातेत घराघरांत म्हणतात. २०१३ साली ते एका हिंदी चित्रपटात आलं तेव्हा पुष्कळांना नवं वाटलं, मला त्यात बेनचा आवाज शोधावासा वाटला. ते मुळात रवींद्रनाथांच्या ‘नववर्षा’ या कवितेवरून केलेलं आहे. रवींद्रनाथ म्हणतात, माझं हृदय आज मोरासारखं नाचतंय. मेघाणींनी ते ‘सारखं’ काढून टाकलं. मन मोर होऊनच नाचतं. आणि ‘थनगाट’ हा शब्द असा की म्हणतानाच पाय जमिनीवर आपटल्यासारखा वाजतो. शांतिनिकेतनचा पाऊस काठियावाडी बोलीत आला की त्याला पाय फुटतात.

त्या कॅसेटवर बेन गातात तेव्हा पाठीमागे पाऊस पडतो आहे. नंदुरबारचा, १९९० च्या श्रावणातला, पत्र्यावरचा. त्या घरगुती टेपरेकॉर्डरमध्ये आवाज आपोआप कमीजास्त करण्याची सोय असायची. मोठा आवाज आला की यंत्र स्वतःच त्याला दाबतं आणि शांतता झाली की उरलेलं बारीकसारीक वर उचलतं. त्यामुळे बेन गात असतात तोवर पाऊस लांब, मागे असतो. ओळ संपते, त्या श्वास घेतात, आणि तेवढ्या दोन क्षणांत पाऊस मोठा मोठा होत अगदी कानाशी येतो. पुढची ओळ सुरू झाली की पुन्हा मागे सरकतो. गाणाऱ्या बाईने जागा द्यावी आणि पावसाने ती भरावी, असं ते अख्खं गाणं चालतं. कुणी ठरवून केलेलं नाही. शेवटी बेन थांबतात, हसतात, “थई गयुं?” विचारतात, आणि मग बटण दाबायचं विसरल्यामुळे पुढची तीन-चार मिनिटं नुसता पाऊस आहे. त्यात एकदा लांबून ह्यांचा आवाज येतो, शब्द कळत नाहीत.

कॅसेट जपणं सोपं नाही. मधल्या काळात तिच्यातली ती छोटी फेल्टची गादी, जी फीत हेडला टेकवून धरते, ती गळून पडली. तेव्हापासून आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा यायचा, गाणं मेलं असंच वाटायचं. फीत मात्र चांगली होती. मग स्क्रूवाली दुसरी एक रिकामी कॅसेट घेतली, ती उघडली, आणि दोन्ही चकत्या फितीसकट अलगद तिच्यात बसवल्या. फितीला बोटांचा ओशटपणा लागू नये म्हणून पीठ चाळायच्या आधी धुवावेत तसे हात धुऊन कोरडे केले होते. पहिल्यांदा लावताना आधी पेन्सिलीने थोडी फिरवून पाहिली. पाऊस परत आला.

२०२३ साली श्रावण दोन होते, एक अधिक आणि एक निज. आणि पाऊस नव्हता. ३ ऑगस्टला महानोर गेले. त्यानंतरचे दिवस नुसते ऊन आणि वारा, इतका कोरडा ऑगस्ट देशाने शंभर वर्षांत पाहिला नव्हता. कपाशी दुपारी माना टाकायची. निज श्रावणातल्या एका दुपारी मी ती कॅसेट लावली. हे बाहेर गेले होते. सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, आतल्या खोलीत पडल्या होत्या. त्यांना आता नीट दिसत नाही, ऐकू मात्र येतं. बेनचं गाणं झालं, हसू झालं, आणि मागचा तो नुसता पाऊस सुरू झाला, यंत्राने उचलून मोठा केलेला, घरभर.

आतून चुळबुळ ऐकू आली. पलंगाची कुरकुर, भिंतीवरून फिरणाऱ्या हाताची घासट. आत्या दारापर्यंत आल्या, चौकटीला धरून उभ्या राहिल्या, आणि तोंड वर करून म्हणाल्या, “पानी उनं का वं?”

मी टेप बंद केला नाही. उठून त्यांचा हात धरला आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. फीत संपेपर्यंत आम्ही दोघी ऐकत बसलो.